संडासात डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही: पाइप तपासण्याआधी बाटल्या तपासा

श्रावण अर्ध्यावर आला की माझा फोन एकाच कारणासाठी वाजायला लागतो. मुंबईकर गणपतीसाठी घर उघडायला आलेले असतात आणि पलीकडून कोणीतरी सांगतं, "संडासात उभं राहवत नाही हो, उग्र वास मारतोय, डोळ्यांतून पाणी येतंय. कुठेतरी पाइप फुटलाय बहुतेक, जरा बघून जा." गुहागर तालुक्यात प्लंबिंगची कामं करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. असल्या फोनवर गेलो तर दहापैकी सात-आठ वेळा पाइप धडधाकट असतो. भांड्याशेजारी दोन बाटल्या उभ्या असतात, एक संडास घासायच्या ॲसिडची आणि एक ब्लीचची. दोन्हींची झाकणं उघडी.

आमच्या वाडीतल्या दुकानात आणि दोन-तीन ठिकाणी मी या दोन बाटल्यांबद्दल कागद चिकटवला आहे. कागदावर चार ओळीच मावतात. "एकत्र करू नका" एवढं वाचून माणूस मान डोलवतो आणि घरी जाऊन तेच करतो, कारण का करू नये ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि डाग तर निघायला हवा असतो. म्हणून हे सगळं सविस्तर.

लक्षणं

वास पहिला. सेप्टिक टाकीचा वास कुजक्या अंड्यासारखा असतो, फिनेलचा गोडसर-औषधी. हा वास त्या दोन्हींपेक्षा वेगळा, नाकात सुईसारखा जाणारा. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकून गेला की कठड्यावर वाकल्यावर जो वास येतो, त्याच जातीचा, पण कितीतरी पट तिखट.

मग डोळे चुरचुरतात, घशात खवखव होऊन कोरडा खोकला सुटतो. छातीवर कोणी हात दाबून धरल्यासारखं वाटतं. भांड्यात पाहिलंत तर बारीक बुडबुडे फसफसताना दिसतील. हिरवट-पिवळा धूर दिसलाच पाहिजे असं नाही. तो दिसण्याइतका वायू झाला असेल तर तुम्ही तिथे उभं राहून पाहत असायला नको.

यातलं काहीही असेल तर पुढचं वाचण्याआधी बाहेर या. फ्लश ओढायला, बादली उचलायला, बाटलीचं झाकण लावायला थांबू नका. घरातल्या सगळ्यांना अंगणात काढा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा. बाहेर पडता पडता हाताशी असलेलं दार-खिडकी उघडता आली तर उघडा, पण त्यासाठी परत आत जाऊ नका. पुढच्या तपासण्या सगळे बाहेर आल्यावर आणि सगळ्यांचा श्वास नीट चालू असल्यावरच्या आहेत.

पहिली तपासणी: विचारा, कोणी काय ओतलं

याला पैसा लागत नाही आणि निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं. फक्त घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं लागतं, कारण बऱ्याच वेळा एकाच माणसाने दोन्ही ओतलेलं नसतं. सकाळी एकाने ॲसिड टाकून ठेवलेलं असतं आणि तासाभराने दुसरं कोणी ते न कळून ब्लीच टाकतं.

गेल्या काही वर्षांतलं एक घर सांगतो, कारण त्यात सगळंच होतं. चतुर्थीला दोन दिवस राहिले होते. मे महिन्यापासून बंद असलेलं घर, जांभ्याच्या भिंती, मागच्या पडवीला लागून नंतर बांधलेला संडास, चार फूट बाय पाच फूट, उंची आठ फूट. भांड्यात कडेच्या खालून विटकरी रंगाचा ओघळ उतरलेला आणि भिंतीवर काळी बुरशी. थोरल्या भावाने ओघळावर ॲसिडचा क्लीनर फिरवला आणि तो बाजारात गेला. वीस मिनिटांनी वहिनी बुरशीसाठी आणलेलं ब्लीच घेऊन आत गेल्या. भिंत घासून झाल्यावर भांड्यातला डाग अजून तसाच दिसला, म्हणून उरलेलं ब्लीच त्यांनी त्यात ओतलं. बाहेर पाऊस धो धो. पाणी आत उडतं म्हणून झडप लावलेली, आणि लाइट गेल्यामुळे पंखा बंद. त्या खाली बसून ब्रशने घासत होत्या.

या घरात किती वायू झाला असेल याचा हिशोब मी नंतर एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून करून घेतला. तो थोडक्यात असा. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, साधारण चार टक्क्यांचं. ते क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनवतात आणि मुद्दाम खारं, म्हणजे अल्कलीयुक्त ठेवतात. तो खारेपणा आहे तोवर क्लोरीन पाण्यात बांधलेला राहतो. ॲसिड पडलं की खारेपणा मरतो आणि क्लोरीन वायू होऊन सुटतो. संडासाच्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चहाच्या छोट्या कपाएवढं, म्हणजे 100 मिली ब्लीच पूर्ण फोडायला असलं ॲसिड 40 मिलीच्या आसपास पुरतं. त्यातून जवळजवळ सव्वा लिटरच्या वर क्लोरीन निघतो.

सव्वा लिटर ऐकायला काहीच नाही. पण त्या संडासात हवा होती साधारण साडेचार हजार लिटर. सगळा वायू हवेत मिसळला तर दहा लाख भागांत तीनशेच्या जवळ क्लोरीन. प्रत्यक्षात सगळा सुटत नाही, काही पाण्यातच विरतो, काही खाली वाहून जातो. दहावा हिस्साच हवेत आला असं धरा, तरी दहा लाखांत तीसच्या आसपास होतात. छातीत दुखणं आणि थांबवता न येणारा खोकला त्याच पातळीला सुरू होतो. कामगार सुरक्षेच्या नियमांत तर दहा लाखांत दहा भागांनाच जिवाला तत्काळ धोका मानतात.

आणि ही सरासरी झाली. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो वर जात नाही, भांड्यातून काठावरून सांडतो आणि जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाला कमी लागेल, खाली बसून घासणाऱ्याच्या तोंडाशी सर्वांत जास्त. आमच्याकडे भारतीय पद्धतीची भांडी अजून पुष्कळ आहेत, आणि ती घासणारी बाई उकिडवी बसूनच घासते. झडपा मात्र आपण वर, छताजवळ ठेवतो.

दुसरी तपासणी: लेबल वाचा, नावावर जाऊ नका

"पॉवर क्लीनर", "बाथरूम क्लीनर", "टाइल क्लीनर" ही नावं काहीच सांगत नाहीत. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते बघा. हायपोक्लोराइट किंवा क्लोरीन असा शब्द असेल तर तो ब्लीचचा गट. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, फॉस्फरिक, सायट्रिक, ऑक्झॅलिक यांतलं काही असेल तर तो ॲसिडचा गट. एका गटातली वस्तू दुसऱ्या गटातल्या कशातही मिसळायची नाही.

सायट्रिक म्हणजे लिंबूसत्त्व. "घरगुती आहे, त्याने काय होतंय" असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. ब्लीचमध्ये मीठ आधीपासूनच असतं, त्यामुळे क्लोरीन सोडवायला हायड्रोक्लोरिकच लागतं असं नाही, आंबट काहीही चालतं. लिंबूसत्त्वाने, व्हिनेगरने वायू जरा सावकाश आणि कमी येईल, पण येईल. गणपतीच्या आधी याच मोरीत कोकम नाहीतर चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी घासायची पद्धत आहे. ती चालू असताना तिथे ब्लीचची बादली नको, एवढं पाळा.

उलट्या बाजूने टीसीएल पावडर. विहिरीसाठी आणलेली उरली की ती पिशवीत बांधून मोरीच्या फळीवर ठेवलेली असते, आणि संडासात वास आला की मूठभर टाकली जाते. ती ब्लीचच आहे, पण घट्ट. ताज्या पावडरीत वजनाच्या 25 ते 33 टक्के क्लोरीन उपलब्ध असतो. चार टक्क्यांच्या बाटलीने जो प्रकार होतो, तो या पावडरीवर ॲसिड पडलं तर मुठीएवढ्या जागेत होतो. फळी गळकी असेल आणि वर ॲसिडची बाटली कलंडली तर माणसाने काही करायचीही गरज नाही.

तिसरी तपासणी: लेबल नसलेली बाटली

सायकलवरून किंवा टेम्पोतून सुटं ॲसिड आणि फिनेल विकणारे येतात. ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत मिळतं, आणि महिन्याभराने घरात कोणालाच आठवत नाही की कशात काय आहे. दोन्ही पाण्यासारखी किंवा फिकट पिवळी दिसतात. हुंगून ओळखायला जाऊ नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला यासाठी सोपी युक्ती आहे. तिसऱ्यांचं रिकामं, धुतलेलं शिंपलं घ्या, अंगणात दगडावर ठेवा आणि काडीने त्या बाटलीतला एक थेंब वर टाका. फसफसलं तर ॲसिड. शिंपलं चुन्याचं बनलेलं असतं, ॲसिडने त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याने काही होत नाही. दुसऱ्या बाटलीसाठी दुसरं शिंपलं आणि दुसरी काडी, हे विसरू नका. मात्र फसफसलं नाही म्हणजे ती बाटली निर्धोक, असा अर्थ काढायचा नाही. ते ब्लीच असू शकतं, कॉस्टिक असू शकतं. ओळख पटली नाही तर ती वापरू नका. झाकण घट्ट लावून, वर ठळक खूण करून, मुलांपासून दूर एकटी ठेवा. संपवायची म्हणून भांड्यात ओतणं हा सर्वांत वाईट मार्ग.

चौथी तपासणी: फ्लशच्या टाकीचं झाकण उचला

हे फार कमी लोकांना सुचतं. टाकीत टाकायच्या वड्या मिळतात, पाणी निळं करणाऱ्या किंवा जंतू मारणाऱ्या. त्यांतल्या काही क्लोरीन सोडतात. मग तुम्ही फक्त ॲसिड वापरलं, ब्लीचला हातही लावला नाही, तरी फ्लश ओढल्यावर वरून ब्लीचचं पाणी येतंच. एका होमस्टेवर मला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा साफसफाई करणारी ताई शपथेवर सांगत होती की एकच बाटली वापरली. खरंच एकच वापरली होती. वडी मालकाने टाकली होती, तिला माहीतच नव्हतं.

वडीच्या पाकिटावर क्लोरीनचा उल्लेख असेल तर वडी काढा, टाकी दोनदा भरून रिकामी करा, आणि त्या भांड्यात ॲसिड दुसऱ्या दिवशी.

पाचवी तपासणी: डाग कसला आहे

खरी मेख इथे आहे. लोक दोन बाटल्या एकत्र करतात त्याचं कारण पहिलीने काम झालेलं नसतं, आणि पहिलीने काम झालेलं नसतं कारण ती त्या डागाची नसतेच.

एक काडी किंवा जुना टूथब्रश घ्या आणि डागावरून फिरवा. खरखरीत, टणक, ओरखडा न उठणारा डाग हा खनिजांचा. आमच्याकडे जांभ्या दगडातून येणाऱ्या विहिरीच्या नि बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं, त्याचा विटकरी ओघळ बसतो. किनाऱ्याजवळ पाणी जड असेल तर पांढरट-पिवळा थर बसतो. या दोन्हींना ॲसिडच लागतं. ब्लीचने थर हलत नाही, आणि लोहाचा डाग तर उलटा पक्का होतो, कारण ब्लीच लोहाला आणखी गंजवतं. त्या वहिनींनी ओतलेलं ब्लीच वायू न होता नुसतं तिथे राहिलं असतं, तरी ओघळ अधिकच तांबडा झाला असता.

बुळबुळीत, काडीने सहज सुटणारा काळा किंवा हिरवा डाग म्हणजे बुरशी नाहीतर शेवाळ. याला ॲसिडची गरज नाही. आधी कपडे धुण्याच्या पावडरीने घासा, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर पाण्यात पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून धुवा.

खनिजांच्या डागासाठी मी करतो ते सांगतो. भांड्यातलं साचलेलं पाणी ब्रशने मागे ढकलायचं, म्हणजे ॲसिड पातळ होत नाही. लोकांचं ॲसिड "चढत नाही" ते बहुतेक याच कारणाने. मग क्लीनर कडेच्या खालून फिरवायचा, दार उघडं ठेवून बाहेर यायचं, वीस मिनिटांनी घासून पाणी सोडायचं. डाग राहिला तर पुन्हा तेच, त्याच बाटलीने. तीन दिवस लागले तर लागू देत. वर्षभराचा थर एका सकाळी जात नाही, आणि पाहुणे संडासातला ओघळ बघायला येत नाहीत.

दोन्ही वस्तू एकाच संडासात लागणारच असतील, भिंतीला ब्लीच आणि भांड्याला ॲसिड, तर एका दिवशी एकच. मध्ये तीन वेळा पूर्ण फ्लश, भिंत आणि फरशी भरपूर पाण्याने धुणं, ब्रश वेगळा. ब्रशच्या केसांत आणि ब्रश ठेवायच्या डब्याच्या तळाशी साचलेलं पाणी लोक हमखास विसरतात. भांड्याच्या वाकात म्हणजे ट्रॅपमध्ये मागचं पाणी राहतं, कडेच्या खालच्या भोकांत राहतं. म्हणून "मी धुतलं होतं की" यावर मी विश्वास ठेवत नाही.

सहावी तपासणी: मुळात वास कशाचा होता

बंद घर उघडल्यावर येणारा वास पुष्कळदा घाणीचा नसतोच. भांड्याच्या आणि मोरीच्या ट्रॅपमध्ये जे पाणी उभं असतं ते सेप्टिक टाकीचा वास अडवतं. घर महिनोन् महिने बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि टाकीचा वास थेट घरात येतो. माणूस समजतो भांडं घाण झालंय, आणि एकावर एक बाटल्या ओतत सुटतो. सुकलेल्या ट्रॅपला लागतं दोन बादल्या पाणी. प्रत्येक मोरीच्या जाळीत एक तांब्या. तासाभरात वास गेला तर बाटलीला हात लावायचं कारणच उरत नाही.

पाणी टाकूनही कुजका वास राहिला, तर टाकी भरलेली असेल किंवा हवेचा उभा पाइप तुंबलेला असेल. पानं, घुशी, कुंभारमाशीचं घर, काहीही निघतं त्यात. हे मात्र माझ्यासारख्याला बोलावून करायचं काम. टाकीचं झाकण स्वतः उघडून आत वाकू नका आणि टाकीत ॲसिड ओतू नका. गाळातून दुसराच विषारी वायू सुटतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा, आणि जास्त झाला की नाक बधिर होऊन त्याचा वासही येईनासा होतो.

कुठे थांबायचं

दोन्ही एकत्र पडलेली आहेत असं कळलं की तुमचं काम संपलं. त्यावर खायचा सोडा टाकू नका, तिसरं काही ओतू नका, पाणी मारायला आत जाऊ नका. तोंडाला ओला रुमाल किंवा करोनाच्या वेळचा एन-95 मास्क बांधून जाणारे मी पाहिले आहेत. ते मास्क धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत. दार-खिडकी बाहेरून उघडता येत असेल तर उघडा आणि सोडून द्या. वास कमी झाला म्हणून लगेच जाऊ नका, कारण क्लोरीनच्या वासाला नाक थोड्या वेळात सरावतं. आत पंखा चालू नसेल तर मी निदान दोन-तीन तास कोणाला फिरकू देत नाही. त्यानंतर दारातूनच डोळे चुरचुरले तर अजून थांबा. बादलीभर मिश्रण झालं असेल, आत माणूस अडकला असेल किंवा वास घरभर पसरला असेल तर 112 ला फोन करा. आत बेशुद्ध पडलेल्या माणसाला काढायला श्वास रोखून धावलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो.

ज्याला लागलं आहे त्याच्या डोळ्यांवर स्वच्छ पाणी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. कपड्यांवर उडालं असेल तर कपडे काढून अंग धुवा. माणसाला आडवं झोपवू नका, टेकून बसवा, चालवू नका. दूध, तूप, गूळ यांनी फुप्फुसात काही पोचत नाही. दम्याचा स्वतःचा पंप असेल तर तो घेऊ द्या.

आणि आता त्या वहिनींचं. मी पोचलो तेव्हा त्या ओटीवर बसून खोकत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "पाणी प्यायलं, आता बरं आहे हो तिला. पाट-चौरंग काढायचाय अजून." खरंच तासाभरात खोकला बसला. त्या उठून कामालाही लागल्या. मी दोनदा सांगितलं की दाखवून या, पण गणपतीचं घर, कोण जाणार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिना चढताना त्यांना धाप लागली, मग बसल्या बसल्याही श्वास घ्यायला त्रास, छातीत शिट्टी. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र. ऑक्सिजन, वाफेतून औषध, रात्रभर तिथेच. दुसऱ्या दिवशी घरी आल्या, पण आरतीला पुढचे पंधरा दिवस आवाज निघत नव्हता.

क्लोरीनला उतारा नाही. दवाखान्यात श्वासाला आधार देतात आणि लक्ष ठेवतात. हा वायू फुप्फुसाच्या ओल्या अस्तरात विरून तिथेच ॲसिड तयार करतो, आणि फुप्फुसात पाणी भरायला काही वेळा कित्येक तास जातात. म्हणून "आता बरं वाटतंय" यावर पहिले 24 तास जायचं नाही. खोकला अर्ध्या तासात थांबला नाही, श्वासाला शिट्टी आली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, डोळ्यांना उजेड सहन होईना, यांतलं काहीही झालं की 108 ला फोन. लहान मूल, म्हातारं माणूस, दमेकरी, गरोदर बाई असेल तर लक्षणांची वाटच बघू नका. आमच्या खाडीपलीकडच्या वाड्यांना गाडी यायला वेळ लागतो, तेव्हा संध्याकाळ व्हायच्या आत निघा. बरोबर दोन्ही बाटल्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो न्या. ते दाराबाहेरून काढता आले नाहीत, तर नावं नुसती लिहून न्या, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की ब्लीच आणि ॲसिड एकत्र पडलं, किती वाजता, आणि किती वेळ आत होते.

माझ्या कागदावरच्या चार ओळी या, हव्या तर उतरवून घ्या:

संडासाचं ॲसिड आणि ब्लीच / टीसीएल एकत्र ओतू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.
एका दिवशी एकच बाटली. लिंबूसत्त्व, व्हिनेगर हेही ॲसिडच.
डोळे चुरचुरले, खोकला आला तर सगळं तिथेच टाकून बाहेर या. परत आत जाऊ नका.
श्वासाचा त्रास झाला तर 108. बरं वाटलं तरी 24 तास लक्ष ठेवा.

पूर्वी मी हा कागद संडासाच्या दारावर आतून चिकटवायचो. आता जिथे बाटल्या ठेवतात त्या फळीवर चिकटवतो, आणि ॲसिडची बाटली त्या फळीवरून काढून घराच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवर, प्लॅस्टिकच्या तसराळ्यात ठेवायला लावतो.